‘थोडंफार केलंय’ म्हणजे किती?

*“काकू, माझा नोकरीच्या अर्जाचा मेल सगळ्यांना फार घरगुती वाटतो. जरा भारदस्त करून द्याल का? आणि त्यात आत्मविश्वास कसा आणायचा?”*

सांगलीत एका मसाला कंपनीच्या ऑफिसात मी 19 वर्षं होते. भरतीची जाहिरात लागली की आलेले मेल उघडायचं काम माझ्याकडे. त्यातले कुठले लॅबच्या साहेबांच्या टेबलावर जायचे, ते जेवणाच्या सुट्टीआधीच्या अर्ध्या तासात ठरायचं. त्यामुळे निवृत्तीनंतरही विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीतली पोरं मोबाईल पुढे करून उभी राहतात. सगळ्यांचं सांगत बसत नाही, गेल्या जानेवारीत आलेल्या एकीचं सांगते.

जाहिरात साधी होती. हळद प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्याला लॅब असिस्टंट हवा होता. बी.एस्सी. केमिस्ट्री, ओलावा आणि कर्क्युमिन चाचणीची माहिती आवश्यक, एक वर्षाचा अनुभव असल्यास प्राधान्य, दोन पाळ्या, अर्ज प्रयोगशाळा व्यवस्थापकांच्या नावे ईमेलने. जाहिरात मराठीत होती, म्हणून मेलही मराठीत लिहायचा असं आमचं ठरलं. इंग्रजीत असती तर इंग्रजीत लिहिला असता. तिने आधीच लिहून आणलं होतं ते असं:

“हाय सर/मॅडम, तुमची लॅब असिस्टंटची ॲड बघितली. मी बी.एस्सी. केमिस्ट्री केलंय. एक्स्पिरिअन्स तसा नाहीये पण एका लॅबमध्ये थोडंफार काम केलंय. मला जॉबची खूप गरज आहे, कुठलंही काम चालेल, शिकून घेईन. रिझ्युम जोडलाय, बघून प्लीज सांगा ना.” पुढे जोडलेल्या हातांची तीन चित्रं.

मी म्हटलं, हे मावशीला पाठवायला छान आहे. पोरगी हुशार, तिथेच पायरीवर बसून दहा मिनिटांत दुसरा मसुदा केला: “महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय विनंती करण्यात येते की मी, खाली सही करणारी…” आणि शेवटी “सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, आपली कृपाभिलाषी.”

नव्वद टक्के पोरं इथेच फसतात. घरगुती नको म्हटलं की शाळेतला रजेचा अर्ज बाहेर येतो, कारण मराठीत औपचारिक असं आपण आयुष्यात तेवढंच लिहिलेलं असतं. पण दोन्ही मसुदे शेजारी ठेवून वाचा. पहिला म्हणतो, माझ्याकडे काही नाही पण प्लीज घ्या. दुसराही तेच म्हणतो, फक्त धोतर नेसून. ‘गरज आहे’ काय आणि ‘सहानुभूती’ काय, वाचणाऱ्याच्या हाती कामाचं काहीच लागत नाही.

म्हणून शब्द बाजूला ठेवले आणि तिला विचारायला लागले.

“थोडंफार म्हणजे किती?”

“दोन महिने होते काकू. मे आणि जून. पगार नव्हता, शिकायला म्हणून.”

“करायचीस काय?”

“हळदीचा ओलावा काढायचा. टोल्युइन घालून.”

“ओव्हनमध्ये वाळवून का नाही काढत?” हे मी मुद्दाम विचारलं. माझ्या ऑफिसच्या भिंतीपलीकडे लॅब होती, इतकी वर्षं ऐकून थोडं डोक्यात राहिलंय.

“ओव्हनमध्ये पाण्याबरोबर हळदीतलं तेलपण उडून जातं ना. मग वजन जास्त घटतं आणि ओलावा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. टोल्युइनबरोबर उकळलं की पाणी वेगळं होऊन खुणांच्या नळीत खाली साचतं, तेवढंच मोजायचं.”

आता मला सांगा, हे ज्या मुलीला माहीत आहे तिने “एक्स्पिरिअन्स तसा नाहीये” कशाला लिहायचं? मी विचारलं, किती नमुने केले असशील? म्हणाली, आठवत नाही, पण वही आहे. घरी जाऊन घेऊन आली. दोनशे पानी वही, तारीख, नमुन्याचा नंबर, रीडिंग, कोपऱ्यात हळदीचे डाग. दोघींनी बोटं लावून मोजले. ओलाव्याचे 212 नमुने, आणि त्यांतल्या 60 नमुन्यांचं कर्क्युमिनही तिनेच काढलेलं, अल्कोहोलमध्ये उतरवून 425 नॅनोमीटरला स्पेक्ट्रोफोटोमीटरवर.

मसुदा खरं तर तिथेच झाला. उरलेलं लिहायला वीस मिनिटं लागली:

> विषय: लॅब असिस्टंट पदासाठी अर्ज – बी.एस्सी. केमिस्ट्री, हळद चाचणीचा अनुभव
>
> मा. प्रयोगशाळा व्यवस्थापक यांस,
>
> नमस्कार.
>
> आपल्या लॅब असिस्टंट पदाच्या जाहिरातीसंदर्भात हा अर्ज करत आहे. मी बी.एस्सी. (केमिस्ट्री) असून मागील वर्षी मे आणि जून महिन्यांत सांगलीतील एका खासगी प्रयोगशाळेत प्रशिक्षणार्थी होते.
>
> या काळात हळकुंड आणि हळद पावडरीच्या 212 नमुन्यांचा ओलावा मी टोल्युइन डिस्टिलेशनने तपासला. त्यांपैकी 60 नमुन्यांचे कर्क्युमिन स्पेक्ट्रोफोटोमीटरवर काढले. सर्व नोंदी मी स्वतः ठेवल्या आहेत.
>
> मी 1 फेब्रुवारीपासून रुजू होऊ शकते. दोन्ही पाळ्यांत काम करण्याची तयारी आहे. सांगलीतच राहत असल्याने मुलाखतीसाठी कोणत्याही कामाच्या दिवशी येऊ शकेन.
>
> बायोडेटा सोबत जोडला आहे.
>
> धन्यवाद.

खाली पूर्ण नाव आणि मोबाईल नंबर. प्रयोगशाळेचं नाव तिने मेलमध्ये लिहिलं होतं, इथे मी गाळलंय.

या मेलमध्ये ‘मी मेहनती आहे’, ‘प्रामाणिक आहे’ असलं काही नाही. ते सगळेच लिहितात, आणि 19 वर्षांत ‘मी आळशी आहे’ असं लिहिणारा मला एकही भेटला नाही. उलट ‘212’ हा आकडा पाहून लॅबचा माणूस थांबतो. दोन महिन्यांत रोजचे चार-पाच नमुने, म्हणजे पोरगी खरोखर टेबलापाशी उभी होती, हा हिशोब तो मनातल्या मनात करतो. आत्मविश्वास म्हणून तुम्ही जे विचारता ना, तो मला तरी विशेषणांत कधी दिसला नाही. ‘शिकेन’, ‘करेन’, ‘प्रयत्न करीन’ या भविष्यातल्या क्रियापदांच्या जागी ‘तपासला’, ‘काढले’, ‘ठेवल्या आहेत’ आलं की वाक्य आपोआप ताठ उभं राहतं.

घरगुतीपणाही मराठीत क्रियापदाच्या शेपटातच असतो. ‘जोडलाय’, ‘केलंय’, ‘बघितलीय’ हे बोलणं झालं. ‘जोडला आहे’, ‘केले आहे’ इतकं सोडवून लिहिलं की पुरतं, त्यासाठी ‘उपरोक्त’ आणि ‘सविनय’ला बोलवायला नको. तुमचीच्या जागी ‘आपली’, ॲडच्या जागी ‘जाहिरात’. लॅब असिस्टंटला मात्र ‘प्रयोगशाळा सहायक’ करू नका, जाहिरातीत पदाचं जे नाव तेच ठेवायचं. शोधणारा त्याच शब्दाने शोधतो.

अनुभव एक वर्षाचा नव्हता, त्याचं काय? जाहिरातीतले ‘आवश्यक’ आणि ‘असल्यास प्राधान्य’ हे दोन शब्द सावकाश वाचायचे. चाचणीची माहिती आवश्यक होती, ती तिच्याकडे होती. वर्षाला नुसतं प्राधान्य होतं. मग दोन महिने ते दोन महिने असं सरळ लिहायचं आणि पुढे जायचं, त्याची माफी मागायची नाही. तिच्या आईचं म्हणणं, ‘एचपीएलसी येतं’ असंही टाक. कॉलेजात एकदा लांबून मशीन पाहिलं होतं, तेवढंच. मी नको म्हटलं. आत्मविश्वासाने लिहिलेलं खोटं मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं, आणि मग 212 वरही कुणी विश्वास ठेवत नाही. जाहिरातीने ते विचारलंही नव्हतं.

ओव्हन आणि तेलाचं ते वाक्य मात्र आम्ही आधी घातलं आणि मग काढलं. तिला फार वाईट वाटलं. पण ज्याचं आयुष्य त्या टेबलावर गेलं त्यालाच मेलमधून धडा दिल्यासारखं होतं ते. समोर बसल्यावर विचारलं तर सांग म्हटलं.

सगळ्यात वजनदार ओळ कुठली विचाराल तर माझ्या मते 1 फेब्रुवारीची. आमच्याकडे जानेवारीच्या शेवटापासून मार्केट यार्डात नवी हळद उतरायला लागते आणि मेपर्यंत लॅबला श्वास घ्यायला फुरसत नसते. जानेवारीत जाहिरात देणाऱ्या माणसाला हंगाम तोंडावर आल्याचा घोर असतो. त्याला रुजू व्हायची तारीख न विचारता मिळाली की अर्धं काम झालं.

पाठवण्याचं थोडक्यात सांगते. फाइल पीडीएफच, आणि नाव `New_Resume_final2.pdf` असं नाही, तर `Naav_Adnaav_Lab_Assistant.pdf` या धर्तीवर. माझ्याकडे एका दिवशी ‘रिझ्युम’ नावाच्या नऊ फाइली आल्या होत्या. मार्कशीटचे मोबाईलवर काढलेले फोटो जोडू नका. सगळं मिळून 25 एमबीच्या वर गेलं की जीमेल ते ड्राइव्हची लिंक करून पाठवतं, समोरच्याकडे कधीकधी परवानगी मागणारी पाटी उघडते, आणि अशी परवानगी मागत बसलेला साहेब मी तरी पाहिला नाही. पाठवणाऱ्याचं नावही तपासा. हिचं ‘क्यूट एंजल’ होतं. ते कॉम्प्युटरवर जीमेलच्या `Settings` मध्ये, `Accounts and Import` खाली, `Send mail as` समोरच्या `edit info` मध्ये बदलता येतं. पत्ताच तसला असेल तर सरळ नवा काढावा.

आणि ‘टू’ची जागा सगळ्यात शेवटी भरायची. एकाने आमच्यासकट अकरा कंपन्यांचे पत्ते एकाच मेलमध्ये ओळीने टाकले होते. अर्ज वाईट नव्हता, पण साहेब म्हणाले, बाकीचे दहाजण बघतीलच की त्याला.

तिने बुधवारी सकाळी पाठवला. आठवडाभर काही नाही. मग त्याच मेलला उत्तर म्हणून एक ओळ धाडली, “मागील बुधवारी पाठवलेल्या अर्जासंदर्भात विचारणा करत आहे. मुलाखतीसाठी केव्हा येऊ, ते कळवावे.” ‘आठवण करून देते’ असं लिहिणार होती, ते मी बदलायला लावलं. उधारी मागितल्यासारखं वाटतं ते.

दुसऱ्या दिवशी फोन आला, शनिवारी अकरा वाजता बोलावलं. जाताना मला विचारायला आली, ड्रेस कुठला घालू, सर्टिफिकेटांची फाइल कुठली नेऊ. संध्याकाळी परत आली ती हसतच. खुर्चीत बसल्याबसल्या साहेबांनी फाइल बाजूला सरकवली होती आणि विचारलं होतं, “ती नोंदींची वही आणलीय का?”

वही माझ्याकडेच राहिली होती, टीव्हीच्या वर.