सर म्हणाले, उद्या स्ट्राइक

"मराठी शाळेतून थेट इंग्रजीतल्या जिऑलॉजीत गेलीस! लेक्चरमधले शब्द डोक्यात शिरतात कसे?"

माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने: ऐकलं, वाटलं, निघालं. मधला रकाना मी कुणाला दाखवत नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून सप्टेंबरमधलं एक पान दाखवते. क्रिस्टलोग्राफीसारखे लांबलचक शब्द त्या रकान्यात सापडणार नाहीत. त्यांच्याबद्दल काही वाटतच नाही, त्यामुळे सरळ अर्थ लिहायचा आणि पाठ करायचं. फजिती होते ती आधीपासून ओळखीच्या असलेल्या शब्दांनी.

3 सप्टेंबर, बुधवार.

काल तास संपताना सर म्हणाले, "टुमॉरो वुई विल टेक स्ट्राइक." मागच्या बाकांवर आनंदी आनंद. मीही घरी सांगून टाकलं की उद्या संप आहे, कॉलेज नाही. बाबा म्हणाले, कायचा संप बा? पेपरात तर काही नाही. शेवटी रात्री मैत्रिणीला फोन केला. तिची बहीण याच विषयात तिसऱ्या वर्षाला आहे. ती मागून इतकी हसली की मला फोनवर ऐकू आलं.

आज प्रॅक्टिकलला टेबलावर प्लायवूडची एक फळी तिरकी टेकवून ठेवली होती. हा आपला खडकाचा थर, सर म्हणाले. खडकाच्या थराला बेड म्हणतात, तेही आजच कळलं. आता या तिरक्या फळीवर एक अशी रेघ काढा, जी ना वर चढते ना खाली उतरते. आम्ही बघतच राहिलो. मग त्यांनी कंपासची, म्हणजे होकायंत्राची, कड फळीला टेकवली, त्याच्या पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत ती सरकवली आणि कडेने खडूची रेघ मारली. ही स्ट्राइक. म्हणजे तिरक्या थरावरची पूर्ण आडवी रेघ ज्या दिशेला जाते ती दिशा. तिला काटकोनात, उताराच्या बाजूला, थर आडव्या पातळीखाली जितके अंश झुकतो तो डिप. डिपच्या पुढे मधल्या रकान्यात माझं लिहिलेलं आहे: बुडवणे, चहात बिस्कीट.

माझ्या पाळीला मी एक हुशारी केली. कंपासच्या तबकडीवर पूर्वेचं अक्षर डावीकडे आणि पश्चिमेचं उजवीकडे छापलेलं होतं. मला वाटलं छपाईची चूक आहे, म्हणून मी मनातल्या मनात ती दुरुस्त करून उत्तर लिहिलं. रेघ उत्तरेपासून चाळीस अंश पूर्वेकडे जात होती, माझ्या कागदावर ती चाळीस अंश पश्चिमेकडे गेली. सर रागावले नाहीत. म्हणाले, कंपास हातात धर, उत्तरेला तोंड कर आणि हळूहळू उजवीकडे वळ. वळले. डबी माझ्याबरोबर फिरली, काटा मात्र उत्तरेलाच खिळून राहिला, म्हणजे तबकडीवर तो डावीकडे सरकल्यासारखा दिसला. मी पूर्वेकडे वळते तेव्हा काटा डावीकडे जातो, म्हणून पूर्वेचं अक्षर तिथे. काटा दाखवेल ते तसंच लिहायचं, डोकं चालवायचं नाही.

घरी येऊन पडताळा घ्यायचा होता. आमच्या न्हाणीघरावर एकाच बाजूला उतरतं टिनाचं छप्पर आहे. शिडी लावली, फोनमधलं होकायंत्र पत्र्यावर ठेवलं. एका जागी उत्तर रस्त्याकडे दाखवली, दोन हात सरकवल्यावर विहिरीकडे. तेव्हा उजेड पडला की पत्रा लोखंडी आहे. सरांनी हातोडा कंपासपासून लांब ठेवायला सांगितलं होतं ते याचसाठी. जागा थोडी बदलली की आकडा बदलतो, यावरून ओळखायचं. मग होकायंत्र सोडलं आणि पाणी भरलेली बाटली पत्र्यावर आडवी धरली. बुडबुडा मधे आला तेव्हा बाटली वळचणीच्या कडेला बरोब्बर समांतर होती. म्हणजे छपराची वळचण ही स्ट्राइक, आणि पावसाचं पाणी पन्हाळ्यांमधून ज्या बाजूला पळतं ती डिपची दिशा. खालून आई ओरडली, "टिनावर काऊन चढली वं? पत्रा दबन ना!"

उतरताना अजून एक गोष्ट लक्षात आली. मांजर त्या छपरावर सरळ चढत नाही, तिरपी जाते, कारण तिरप्या वाटेवर चढ कमी लागतो. सरांनी शेवटच्या पाच मिनिटांत जो 'अपॅरंट डिप' घाईघाईत उरकला, तो हाच. रस्त्यासाठी टेकडी कापली की त्या कापलेल्या भिंतीत थर तिरके दिसतात. पण भिंत डिपच्या दिशेने कापलेली नसेल तर दिसणारा उतार खऱ्यापेक्षा कमी असतो. वहीत हिशोब करून पाहिला. खरा डिप 30 अंश आणि भिंत स्ट्राइकशी 30 अंशांचा कोन करणारी:

tan(दिसणारा) = tan 30° × sin 30° = 0.577 × 0.5 ≈ 0.289

म्हणजे सुमारे 16 अंश. जवळजवळ निम्मा! आणि भिंत स्ट्राइकच्याच दिशेने असली तर थर अगदी आडवे दिसतील, सतरंज्या रचून ठेवल्यासारखे. म्हणून एकच भिंत पाहून आकडा लिहायचा नाही, थराचा उघडा पडलेला पृष्ठभाग शोधायचा.

(पान इथे संपलं नाही. खाली तीन छोट्या नोंदी आहेत.)

नाइस. सरांनी एक पट्टेरी दगड उचलून म्हटलं, "धिस इज नाइस." मधला रकाना: सरांना दगड आवडला. निघालं: दगडाचं नावच ते, gneiss, त्यातला जी मुका. काळे-पांढरे पट्टे म्हणजे साचलेले थर नव्हेत. जमिनीत खोल उष्णतेने आणि दाबाने खनिजं वेगवेगळ्या पट्ट्यांत लागली.

ट्रॅप. वाटलं सापळा, लाव्हा कुठेतरी अडकला असेल. निघालं: दख्खनच्या काळ्या दगडाचं नाव, स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. प्रत्येक थराचा मधला भाग टणक, तो उभा राहतो. वरचा भाग बुडबुड्यांनी पोकळ, तो लवकर झिजून मागे सरतो. त्यामुळे डोंगराला पायऱ्या पडतात. हा पसारा आमच्याकडे नागपूरपाशी येऊन संपतो. ज्या सीताबर्डीच्या टेकडीखालून मी रोज बस बदलते, ती त्याच काळ्या दगडाची.

कॅम्प्टी. फळ्यावर Kamptee Formation. गोंडवानातला वाळूखडक, साधारण 25 कोटी वर्षं जुना. वाटलं परदेशातलं गाव असेल, ऑस्ट्रेलिया वगैरे, गोंडवाना तिकडेही आहे. वहीत तसं लिहून मी पुढच्या शब्दाकडे वळलेसुद्धा. तेवढ्यात सरांनी विचारलं, इथे कामठीहून कोण कोण येतं? मी हात वर केला. "मग सांग, तुझ्या गावाचं स्पेलिंग इंग्रज कसं करायचे?"