गुंडाळीला लांबी विचारू नये

थर्मल कागदाच्या गुंडाळीला रुंदी असते, लांबी नसते. म्हणजे असते, पण तिची कुणी चौकशी करत नाही. जिथे बिल संपेल तिथे कागद कापायचा. पीडीएफला हा मोकळेपणा झेपत नाही. तिला पहिल्या ओळीआधीच पानाची रुंदी आणि उंची, दोन्ही हवी असतात. रुंदी सांगणं सोपं, ८० मिलिमीटर. त्यातही प्रिंटरचं डोकं मधल्या ७२ मिलिमीटरवरच छापतं, म्हणून दोन्ही बाजूंना चार-चार सोडायचे. उंचीचं मात्र काय सांगणार? वस्तू किती ते गिऱ्हाईक ठरवणार.

मी पीएचपीत एफपीडीएफ ही पीडीएफ बनवणारी लायब्ररी वापरून बिल करत होतो. सुरुवातीला सरळ हिशोब मांडला. ओळ ४ मिलिमीटरची. वरचा समास ३, डोक्यावरच्या पाच ओळींचे २०, खाली बेरीज-कर-आभार अशा चार ओळींचे १६, शेवटी श्वास घ्यायला ५. हे झाले ४४. मग प्रत्येक वस्तूमागे ४. बारा वस्तूंचं बिल ९२ मिलिमीटर. पान तेवढंच केलं, छापलं, तर बिलाचे दोन तुकडे बाहेर आले. पहिल्यावर बारा वस्तू, दुसऱ्यावर एकटी बेरीज!

कारण शोधायला वेळ लागला, आणि सापडल्यावर स्वतःचाच राग आला. एफपीडीएफ न सांगता पानाच्या तळाशी दोन सेंटिमीटर राखून ठेवतं आणि तिथे पोचलं की नवं पान काढतं. ए-फोरवर ही काळजी शहाणपणाची. माझ्या ९२च्या पानावर मात्र ७२ला लक्ष्मणरेषा पडली होती. बारावी वस्तू ७१ला संपली आणि बेरजेची ओळ रेषेपलीकडे गेली. `SetAutoPageBreak(false)` लिहिलं आणि तुकडे जुळले.

पण लांब नाव दोन ओळींत मोडलं की वस्तूमागे ४चा हिशोब कोसळतो. म्हणून आता मी आधी रंगीत तालीम करतो. ८० बाय २००० असं अवाढव्य पान घेऊन सगळं बिल त्यावर लिहायचं, `GetY()`ला विचारायचं की कुठवर आलास, आणि ते पान फेकून द्यायचं. मिळालेल्या आकड्यावर खरं पान बेतायचं. एकच बिल दोनदा लिहिणं आळशी माणसाला खुपतं, पण अंदाज चुकण्यापेक्षा बरं.

एवढ्यावर मी निर्धास्त होतो, कारण तपासायला नेहमी भरगच्च बिलंच घ्यायचो. मग एक दिवस एकाच वस्तूचं बिल निघालं. उंची ४८. कागदावर वस्तूचं नाव होतं आणि रक्कम गायब! रकमेचा रकाना डावीकडून ५२ मिलिमीटरवर सुरू होतो, आणि पीडीएफचे गुणधर्म उघडून पाहिले तर पानाची रुंदीच ४८ होती. उंची ८०. मी सांगितलेले दोन आकडे त्याने परस्पर अदलाबदल केले होते.

हा बिघाड नव्हे, एफपीडीएफचा स्वभाव आहे. ते दोन आकड्यांतला लहान आधी घेतं, आणि `'P'` म्हणजे उभं पान म्हटलं की लहान आकडा रुंदीला देतं. त्याच्या लेखी उभ्या पानाची रुंदी उंचीपेक्षा जास्त असूच शकत नाही. बिल ८० मिलिमीटरहून बुटकं झालं की पान कुशीवर वळलंच. अशा वेळी `'L'` म्हणजे आडवं पान म्हटलं की फाइल अगदी बरोबर येते. पण मग छपाईच्या खिडकीत पान आपोआप फिरवण्याची खूण असेल तर तीच खूण बिल आडवं करून छापते. दोघांशी वाद घालण्यापेक्षा मी बिलाला किमान उंचीच देऊन टाकली:

```php
$h = max(81, $y + 5);
$pdf = new FPDF('P', 'mm', [80, $h]);
$pdf->SetMargins(4, 3, 4);
$pdf->SetAutoPageBreak(false);
$pdf->AddPage();
```

यातला `$y` म्हणजे तालमीतून आलेला आकडा. एका वस्तूच्या बिलाखाली ३३ मिलिमीटर कोरा कागद जातो, हे खरं. कंजूष माणूस बुटक्या बिलापुरतं `'L'` लावून फिरवण्याची ती खूण काढून टाकेल. मला रोज कुणाला तरी त्या खिडकीची आठवण करून द्यायची नव्हती.

तरी त्या खिडकीत एकदा जावंच लागतं. तिथे ‘पानात बसवा’ निवडलेलं असेल, तर ८०चं पान ७२च्या छापील रुंदीत कोंबलं जातं आणि सगळं नव्वद टक्क्यांवर येतं. अक्षरं जरा बारीक दिसतात, पण डोळ्यांना ते चटकन कळत नाही. म्हणून मी बेरजेच्या वर बरोबर ७२ मिलिमीटरची एक रेघ मारून ठेवली आहे. बिल बारीक वाटलं की तिला पट्टी लावतो. पट्टीवर पासष्टच्या जरा अलीकडे थांबली, तर खिडकीत जाऊन ‘मूळ आकार’ निवडतो आणि तेच बिल पुन्हा काढतो.