तुम्ही विचारलंत म्हणून : गाडी परत कोणी पाठवली?

"साइटवर मुली घेतो, पण दोन-तीन वर्षांत निघून जातात. आमचं नेमकं चुकतं कुठे?"

चुकतं ते कामवाटपात, आणि तेही बहुतेक वेळा चांगुलपणापोटी. नवी इंजिनिअर रुजू होते. पहिल्या आठवड्यात तिला ड्रॉइंगचं रजिस्टर मिळतं, मग बार बेंडिंग शेड्यूल, मग बिलं. "उन्हात कशाला, आत बस," असं कोणीतरी मायेनं म्हणतं. दोन वर्षांनी सेक्शन इन्चार्जची जागा निघते तेव्हा तिच्यासोबत लागलेल्या मुलानं आठ-दहा मोठे स्लॅब अंगावर घेतलेले असतात. तिनं त्याच स्लॅबची बिलं केलेली असतात. जागा कोणाला मिळते, हे सांगायला नको. नंतर ती नोकरी सोडते आणि फाइलवर कारण लागतं, 'वैयक्तिक'. मीही पहिली तीन वर्षं बिलंच केली, म्हणून हे जरा तिखट लिहिते आहे.

मोठं काँक्रिट संध्याकाळी सुरू होतं आणि रात्रभर चालतं, खरी गोम इथेच आहे. एक राफ्ट घ्या, 180 घनमीटरचा. गाडीत सहा घनमीटर माल येतो, म्हणजे तीस गाड्या. पंप तासाला पंचवीस घनमीटर ओढतो असं धरलं तरी सात तास सलग काम, आणि अडथळे येतातच. मध्येच माल तुटला आणि आधीचा थर धरायला लागला, तर नवा थर त्याच्याशी एकजीव होत नाही. हा कोल्ड जॉइंट पुढे पाणी झिरपायला वाट करून देतो. हे टाळायचे सगळे निर्णय रात्रीच होतात. संध्याकाळी घरी पाठवलेली मुलगी ते शिकणार कधी? लहान साइटवर असा राफ्ट वर्षातून एक-दोनदाच पडतो. एक हुकला की आठ महिने गेले.

म्हणून माझ्याकडे मुलगी आली की मी आधी पुढच्या पदाला काय काय हाताळलेलं लागतं ते लिहून काढते : राफ्ट, उंच कॉलम, ट्रान्सफर बीम, ठेकेदाराशी मोजमापाचा वाद. मग कामाचं वेळापत्रक उघडून प्रत्येकासमोर तारीख टाकते. रात्रीच्या तारखांना घरी सोडायची गाडी त्याच दिवशी ठरवून टाकते, आयत्या वेळी ती कधीच मिळत नाही. पहिल्या राफ्टला ती जुन्या इंजिनिअरसोबत उभी राहते. दुसऱ्याला ती पुढे, तो मागे.

एका मुलीच्या अशाच दुसऱ्या राफ्टची गोष्ट सांगते. चौदाव्या गाडीचा स्लंप 190 मिलिमीटर आला, ठरलेला होता 120. वाटेत कोणीतरी पाणी मारलेलं. तिनं गाडी परत पाठवायला सांगितलं. फोरमननं तिच्यादेखत मला फोन लावला, "मॅडम, पंप थांबेल, घेऊ का?" मी म्हटलं, "तिथं इन्चार्ज कोण आहे? तिला विचारा," आणि फोन ठेवला. पंधरावी गाडी फाटकावरच उभी होती, त्यामुळे पंप दहा मिनिटंच थांबला. त्या वेळी मी "बरं, घ्या" म्हटलं असतं, तर नंतर किती का प्रशिक्षणं दिली असती, त्या फोरमननं तिचं पुन्हा ऐकलं नसतं.

स्वच्छतागृह आणि हार्नेस यांबद्दल थोडक्यात. स्वच्छतागृह लांब असलं की बायका पाणी पिणं कमी करतात. साइटवर ते नाही हे कळायला एवढी खूण पुरे. आणि पुरुषी मापाचा हार्नेस ढिला बसला तर मागची डी-रिंग खांद्यांच्या फळ्यांमधून खाली सरकते. मांडीच्या पट्ट्यात सपाट पंजा जावा, मूठ जाऊ नये. मूठ जात असेल तर लहान माप मागवा, आणि ते येईपर्यंत तिला उंचीवर पाठवू नका. पण त्या दिवसांत तिला बिलांवर बसवू नका. खाली क्यूब भरायचे असतात, शटरिंगचे टेकू तपासायचे असतात.

बाळंतपणाच्या रजेचंही तेच. परत आल्यावर 'सध्या हलकं काम' म्हणून जे मिळतं, ते वर्षानुवर्षं सुटत नाही. रजेवर जायच्या आधीच तिच्यासोबत बसून तिच्या यादीतलं काय राहिलं ते बघा, आल्यावरचं पहिलं काम त्यातलं ठरवा. रात्रपाळी कधीपासून घ्यायची हे तिला विचारा, तिच्या वतीनं परस्पर ठरवू नका.

एवढं करूनही सगळ्या टिकतील असं मी म्हणणार नाही. माझ्याकडच्याही दोघी गेल्या, पैकी एक जास्त पगारावर, दुसरीकडे सेक्शन इन्चार्ज म्हणून. तुमच्याकडे सध्या आहेत त्यांच्या कामाच्या नोंदी काढून बघा. 'सहभाग', 'समन्वय', 'साहाय्य' असे शब्द दिसले की खाली विचारा, त्या रात्री गाडी परत पाठवायचा अधिकार कोणाकडे होता?