सगळ्यांनी गेम पूर्ण करू नका

मला भाषणासाठी बोलावलंच नव्हतं. मी पुण्यात मोबाइल गेम्स बनवणाऱ्या एका स्टुडिओत प्रोग्रामर आहे, आणि एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या गेम जॅमला मेंटर म्हणून गेलो होतो, म्हणजे टेबलाटेबलावर फिरायचं आणि ज्याचं अडलंय त्याला हात द्यायचा एवढंच काम. पण समारोपाला येणारे संस्थेचे मोठे साहेब दुसऱ्या कार्यक्रमात अडकले आणि रविवारी दुपारी को-ऑर्डिनेटर मॅडमनी मला गाठलं, "सर, दोन शब्द तुम्हीच बोला, टीम्सना थँक्यू म्हणा आणि प्रोजेक्ट पूर्ण करा असं जरा मोटिव्हेशनल सांगा." मी हो म्हटलं. जे बोललो ते मॅडमना आवडलं नाही, आणि ते बरोबर होतं की नाही हे अजून डोक्यात फिरतंय म्हणून लिहितोय.

जॅम म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी थीम मिळते आणि रविवारी संध्याकाळपर्यंत, ४८ तासांत, खेळता येईल असा गेम द्यायचा. बाहेरच्यांना वाटतं मुलं शेवटपर्यंत गेम बनवत बसतात. तसं नसतं, शेवटचे दोन-तीन तास कोणी गेम बनवत नाही, सगळे बिल्ड काढत असतात, म्हणजे गेम ज्या सॉफ्टवेअरमध्ये, इंजिनमध्ये, बनवला त्यातून बाहेर काढून स्वतंत्र चालेल असा करत असतात. इंजिनच्या आत छान चालणारा गेम एक्सपोर्ट केला की काळा स्क्रीन दाखवतो, कोणीतरी एक सीन बिल्डच्या यादीत टाकायला विसरलेलं असतं, आवाज गायब असतो, आणि त्याच वेळी व्हॉलंटियर पेनड्राइव्ह घेऊन डोक्यावर उभा असतो. इथे सगळे बिल्ड गोळा करून परीक्षकांसाठी एकाच गेमिंग लॅपटॉपवर टाकले होते. सोयीचं होतं, पण एका टीमची त्यात वाट लागली.

थीम होती ओझं. बऱ्याच टीम्सनी पाठीवर बॅग घेतलेला माणूस केला, दोघांनी डिप्रेशन केलं, एका टीमने ऑनलाइन मल्टिप्लेअर शूटर केला ज्यात ओझं कुठे होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि तिसऱ्या वर्षाच्या तिघांनी, दोन मुली आणि एक मुलगा, गळक्या हंड्याचा गेम केला. आजी विहिरीवरून हंडा भरते, डोक्यावर घेते आणि पायऱ्या चढून घरी जाते. तोल तुम्ही माऊसने सांभाळायचा. हंडा जितका भरलेला तितकी आजी हळू चालते. हंडा गळका आहे, त्यामुळे पाणी कमी होत जातं तशी आजी भरभर चालायला लागते. म्हणजे ओझं हलकं झालं की खेळणाऱ्याला बरं वाटतं, आणि ज्यासाठी एवढं चढतोय तेच संपत चाललंय. शनिवारी रात्री त्यांनी मला दाखवलं तेव्हा मी नुसता बघत बसलो, कारण ह्या एका नियमात सगळा गेम आहे, त्यात एक शब्दसुद्धा लिहून समजवावा लागत नाही. आमच्याकडे असा एक नियम सापडावा म्हणून लोक महिने घालवतात.

निकालात त्यांचं नाव नव्हतं. परीक्षकांच्या शीटवर लिहिलेलं, "डिफिकल्टी बॅलन्स नाही, जिंकताच येत नाही." मी त्या लॅपटॉपवर जाऊन खेळून बघितलं तर खरंच जिंकता येत नव्हतं, आजी अर्ध्या पायऱ्यांवर पोचायच्या आत हंडा रिकामा. आणि शनिवारी तर मी दोनदा घरी पोचलो होतो! मग त्यांचा कोड उघडायला लावला, आणि ते असं होतं:

```
void Update() {
    pani -= 0.1f;
}
```

ज्यांना कोड येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. Update मधलं काम दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर दर वेळी नवं चित्र येताना, एकदा होतं. त्यांच्या लॅपटॉपचा स्क्रीन सेकंदाला ६० फ्रेम दाखवणारा, म्हणजे सेकंदाला ६ युनिट पाणी जाणार, आणि हंड्यात १०० युनिट, म्हणजे साधारण १७ सेकंद मिळतात. ह्या १७ सेकंदांवर त्यांनी पायऱ्यांची लांबी बेतली होती. परीक्षकांचा लॅपटॉप गेमिंगचा, स्क्रीन १४४ हर्ट्झचा. तिथे तोच कोड सेकंदाला १४४ वेळा चालतो, १४.४ युनिट पाणी जातं, आणि ७ सेकंदांत हंडा कोरडा. आजीचं चालणं मात्र फिजिक्सवर होतं, ते ठरलेल्या वेळाने चालतं, स्क्रीन कुठलाही असला तरी फरक पडत नाही. म्हणून आजी जवळपास तशीच चालली आणि पाणी साधारण अडीचपट वेगाने पळालं. उपाय एका ओळीचा आहे:

```
pani -= 6f * Time.deltaTime;
```

म्हणजे फ्रेम मोजू नका, गेलेला वेळ मोजा. ही गोष्ट कॉलेजात शिकवत नाहीत कारण लॅबमधले सगळे कॉम्प्युटर सारखेच असतात. आणि परीक्षकांपैकी कोणालाच वाटलं नाही की टीमला बोलावून विचारावं बाबा असं का होतंय. शीटवर कॉलम होते इनोव्हेशन, ग्राफिक्स, प्रेझेंटेशन. गेम सुरू होऊन संपतो का, ह्याला कॉलमच नव्हता. पहिलं बक्षीस त्या शूटरला, ज्याचा अर्ध्याहून जास्त भाग तयार टेम्प्लेट होता.

हे सगळं डोक्यात घेऊन मी माईकसमोर गेलो. माझ्या आधी एका सरांचं भाषण, त्यात गेमिंग इंडस्ट्री किती मोठी आहे ते दोनदा आलं आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा. शाल-श्रीफळ झालं. मुलं दोन रात्री जागलेली, मागच्या रांगेतले दोघेजण उघड उघड झोपलेले.

थँक्यू मी मनापासून म्हटलं, टीम्सना आणि पेनड्राइव्ह घेऊन पळणाऱ्या पोरांनाही. मग म्हटलं, सगळ्यांनी गेम पूर्ण करू नका. मॅडमनी मान वर केली. मी म्हटलं, तुमच्यातले बहुतेक गेम इथेच सोडून द्या, त्यांचं काम झालं, तुम्हाला जे शिकायचं होतं ते शिकलात. ऑनलाइन मल्टिप्लेअर तर नक्कीच सोडा, कारण त्याला सर्व्हर लागतो, तो रोज चालू ठेवावा लागतो आणि समोर खेळायला दुसरा माणूस हजर लागतो. (बक्षीसवाली टीम पहिल्या रांगेत होती. असो.) पूर्ण करायचा तर असा करा ज्याचा एक नियम आईला खेळायला दिला तरी कळतो.

मग 'बाबा इज यू' सांगितलं, २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये अर्वी तेइकारी ह्या फिनलंडच्या माणसाने केलेला, शब्द ढकलून नियमच बदलायचे असा गेम. जॅममध्ये तो जिंकला, कल्पना पहिल्या दिवसापासून स्वच्छ होती, तरी विकायला आला २०१९ मध्ये. 'सेलेस्ट'चं पहिलं रूप दोघांनी २०१५ मध्ये चार दिवसांत केलं आणि पूर्ण गेम आला २०१८ च्या जानेवारीत. म्हणजे दोन-दोन, अडीच वर्षं. तुम्हाला एवढा वेळ नाही, सातव्या सेमला प्लेसमेंट आहे. मग तुम्ही पूर्ण करायचं म्हणजे वाढवायचं नाही, कापायचं.

इथे मी हंडावाल्या टीमला विचारलं, तुमचं उदाहरण घेऊ का. त्या म्हणाल्या घ्या सर. त्यांनी पाच लेव्हल ठरवल्या होत्या, दोन झालेल्या. मी म्हटलं उरलेल्या तीन विसरा, झालेल्या दोनपैकीसुद्धा एकच ठेवा, विहीर ते घर. त्याला सुरुवातीचा स्क्रीन, पुन्हा खेळायचं बटण, आवाज बंद करायचं बटण आणि शेवट. शेवट म्हणजे घरी पोचल्यावर उरलेलं पाणी माठात ओतताना दिसलं पाहिजे, आत्ता नुसता आकडा येतो. पाण्याची ती ओळ बदला. बॅकग्राउंडला सिनेमातलं गाणं लावलंय ते काढा, जॅममध्ये कोणी बोलत नाही पण पब्लिश करताना ते तुमचं नाही. प्रोजेक्ट एकाच्याच लॅपटॉपवर आहे आणि तो सुट्टीत लातूरला जाणार, तर आज हॉल सोडायच्या आधी ऑनलाइन रिपॉझिटरीत टाका. आणि गेम पहिल्यांदाच बघणाऱ्या पाच जणांना खेळायला द्या, मागे उभे राहा आणि तोंड उघडू नका. मी स्वतः पहिल्यांदा खेळताना बराच वेळ ॲरो कीज दाबत बसलो होतो, माऊस लागतो हे मला तुम्ही सांगितलंत, पाचांपैकी तिघं तिथेच अडकले तर दोष खेळणाऱ्याचा नाही.

एकाने विचारलं प्ले स्टोअरवर टाकू का. म्हटलं आधी इच डॉट आयओ ह्या गेम्सच्या साइटवर ब्राउझरमध्ये चालणारा वेब बिल्ड टाका, फुकट आहे, झिप उघडल्यावर `index.html` समोरच दिसलं पाहिजे, आत फोल्डरमध्ये नाही. प्ले स्टोअरला २५ डॉलर एकदाच भरायचे, पण नवीन वैयक्तिक अकाउंट असेल तर आधी बारा टेस्टर सलग १४ दिवस लागतात. बारा मित्र चौदा दिवस टिकवणं हे जॅमपेक्षा अवघड आहे. ह्यावर मात्र सगळे हसले, झोपलेले पण उठले.

खाली उतरल्यावर मॅडम म्हणाल्या, "छान बोललात सर, पण थोडं पॉझिटिव्ह पाहिजे होतं, इतके कष्ट केलेत मुलांनी." त्यांचंही खोटं नाही. दोन रात्री जागलेल्या पोराला सोडून दे म्हणणं सोपं नसतं, आणि मी काही त्यांना रोज शिकवत नाही. पण सगळ्यांना सरसकट 'पूर्ण करा' म्हटलं की कोणीच करत नाही, हे मी आधीच्या जॅम्सना बघितलंय, ग्रुपवर दोन दिवस उत्साह आणि मग सबमिशन.

तीनेक आठवड्यांनी हंडा टीममधल्या मुलीने लिंक पाठवली. तिघांतली ती एकटीच करत होती, बाकी दोघं ॲप्टिट्यूडच्या क्लासला. पाण्याची ओळ बरोबर केलेली, मी ऑफिसच्या १४४ हर्ट्झ स्क्रीनवर आणि घरच्या जुन्या लॅपटॉपवर दोन्हीकडे खेळलो, १७ सेकंद ते १७ सेकंद. गाणं काढलेलं. माऊसचं चित्र सुरुवातीलाच हलताना दिसतं. सुरुवातीला आवाज येत नव्हता, ते तिला कळवलं की ब्राउझर पहिल्या क्लिकशिवाय आवाज वाजू देत नाही, म्हणून संगीत स्टार्ट बटणावर सुरू कर. पण गेममध्ये तिने एक दुकान टाकलेलं! उरलेल्या पाण्याचे पॉइंट मिळतात आणि त्यातून पितळी हंडा, तांब्याचा हंडा, न गळणारा स्टीलचा हंडा विकत घ्यायचा. न गळणारा हंडा घेतला की गेममधला तो एकुलता एक नियमच जातो. मी लिहिलं, दुकान काढ. ती म्हणाली, "सर पण लोकांना अपग्रेड आवडतात."

मी चिडलो होतो, मोठा मेसेज टाइप करून ठेवला होता. त्याआधी म्हटलं एकदा कोणालातरी देऊन बघू, तोंड बंद ठेवून, म्हणून रविवारी भाचीला लिंक दिली. दहा वर्षांची आहे. पायऱ्या ती पाच-सहा वेळा चढली आणि प्रत्येक वेळी वर पोचली की आधी दुकान उघडायची, पितळी हंड्यासाठी पॉइंट जमवत बसली, आणि स्टीलचा हंडा परवडत होता तरी घेतला नाही. का घेतला नाहीस विचारलं तर म्हणाली, त्याच्यात मजा काय, पाणी सांडतच नाही.

मेसेज अजून पाठवलेला नाही. दुकान ठेवून फक्त स्टीलचा हंडा काढ असं लिहावं, की तो पण राहू दे आणि कोण घेतं कोण नाही ते बघ, हे ठरत नाहीये.