बझर, ट्रॉली आणि चुकलेली मूळ वारंवारता

आज बारावीच्या तुकडीबरोबर प्रयोगशाळेत डॉप्लर परिणामाचा प्रयोग केला, आणि त्यातील एक गोष्ट रात्री झोपण्यापूर्वी लिहून ठेवावीशी वाटते. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा साधा बझर ट्रॉलीवर चिकटपट्टीने बसवला होता. लांब फळीच्या दोन्ही टोकांशी एकेक मोबाइल ठेवून दोन्हींवर एकाच वेळी ध्वनिमुद्रण सुरू केले, म्हणजे एकाच फेरीत पुढच्या मोबाइलला जवळ येणारा आवाज मिळावा आणि मागच्याला दूर जाणारा. फळीला पुरेसा उतार दिला होता, म्हणजे घर्षणाने ट्रॉलीचा वेग कमी होऊ नये. पहिल्या आणि दुसऱ्या मीटरला सारखाच वेळ लागतो, हे आधी दोन-तीन फेऱ्यांत तपासून घेतले.

खोलीचे तापमान २९ अंश सेल्सिअस होते, म्हणून ध्वनीचा वेग सेकंदाला ३४९ मीटर धरला. बझरची स्थिर असतानाची वारंवारता सकाळी मोजून फळ्यावर लिहून ठेवली होती: ३१५० हर्ट्झ. फेरीनंतर दोन्ही मुद्रणे संगणकावर घेतली, ट्रॉली फळीच्या मधल्या भागात असतानाचा सुमारे ०.३७ सेकंदाचा तुकडा दोन्हींतून निवडला आणि वर्णपटातील शिखर वाचले. पुढच्या मोबाइलवर ३१५७ हर्ट्झ मिळाले, मागच्यावर ३१३६. इतका फरक कानाला सहज कळत नाही. लगतच्या दोन स्वरांत, म्हणजे शुद्ध आणि कोमल यांत, जवळपास सहा टक्क्यांचे अंतर असते, आणि इथे एक टक्काही नव्हता.

विद्यार्थ्यांनी आधी पुढच्या मोबाइलवरून वेग काढला. सात हर्ट्झच्या वाढीवरून सेकंदाला ०.७७ मीटर आला. मागच्या मोबाइलवरील चौदा हर्ट्झच्या घटीवरून १.५६ मीटर आला. एकाच ट्रॉलीचे, एकाच क्षणी, एकमेकांच्या दुप्पट असलेले दोन वेग! स्टॉपवॉच घेऊन उभ्या असलेल्या तिघांनी दोन मीटरला १.६८, १.७२ आणि १.७७ सेकंद नोंदवले होते, म्हणजे वेग सुमारे १.१६. वर्गात क्षणभर शांतता पसरली, आणि मग एका मुलीने विचारले, "सर, एक उत्तर जेवढं कमी आहे, तेवढंच दुसरं जास्त आहे. मग चूक दोघांतही सारखीच शिरली असेल का?"

तिचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा होता. दोन्ही गणितांत सारखी असलेली आणि दोन्हींना विरुद्ध दिशांनी ढकलणारी एकच संख्या होती, ती म्हणजे फळ्यावरची ३१५०. तेव्हा आम्ही ती संख्याच गणितातून काढून टाकली. जवळ येतानाची वारंवारता f1, दूर जातानाची f2, ट्रॉलीचा वेग v आणि ध्वनीचा वेग c घेतला, तर मूळ वारंवारता भागाकारात आपोआप कटते आणि एवढेच उरते:

```
v = c (f1 - f2) / (f1 + f2)
```

३४९ गुणिले २१, भागिले ६२९३, उत्तर १.१६ आले. याच दोन आकड्यांवरून मूळ वारंवारता उलट काढली, तर ती ३१४६ च्या आसपास निघते. ट्रॉली थांबवून, बझर तिच्यावर तसाच ठेवून पुन्हा मोजले, तेव्हा संगणकाने ३१४६ दाखवले. सकाळी बझर टेबलावर मोकळा पडलेला असताना मी मोजणी केली होती. चिकटपट्टी सोडवून तो तसा ठेवताच आकडा पुन्हा ३१५० वर गेला. घट्ट दाबून बसवल्याने त्याच्या पडद्याचे कंपन बदलत होते, आणि ती चार हर्ट्झची चूक माझी होती.

तरीही दोन्ही पद्धतींचा आकडा दुसऱ्या दशांश स्थानापर्यंत जुळला याचा विद्यार्थ्यांना झालेला आनंद मी थोडा आवरला. ०.३७ सेकंदाच्या तुकड्यातून वर्णपटाच्या खाचा, म्हणजे वारंवारतेच्या पायऱ्या, २.७ हर्ट्झ रुंद मिळतात. शिखराचे स्थान त्याहून बारकाईने वाचता येत असले, तरी एका हर्ट्झची चूक सहज होते, आणि एका हर्ट्झने वेग सुमारे ०.०६ ने बदलतो. तुकडा मोठा घेतला, तर खाचा अरुंद होतात, पण तेवढ्या वेळात ट्रॉली फळीच्या टोकाशी पोहोचते. स्टॉपवॉचच्या तीन नोंदींचे वेग १.१३ ते १.१९ असे पसरले आहेत, म्हणजे या वेगाला हाताचे घड्याळ आवाजापेक्षा काही मागे नव्हते.

उद्याच्या तुकडीसाठी फळ्यावरचा आकडा पुसून आलो आहे. बझर ट्रॉलीवर बसवल्यानंतर, प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर, त्याची स्थिर वारंवारता विद्यार्थी स्वतः मोजतील, आणि दोन मोबाइलवरून निघणाऱ्या मूळ वारंवारतेशी ती ताडून पाहतील.