कुर्ता जांभळा झाला, हनुवटी निळीच राहिली

मेणवलीच्या घाटावरच्या फोटोतल्या कपड्यांचे रंग बदलायचं एडिटिंग काल रात्री एकदाचं सुटलं. मागच्या वेळी सांगितलं तोच गुंता होता: मामेबहिणीची मोरपंखी पैठणी, तिला जांभळे काठ, आणि शेजारी होणाऱ्या नवऱ्याचा रॉयल ब्लू कुर्ता. तो निळा मोरपंखीला खाऊन टाकत होता. बहिणीचा हट्ट, "दादा, कुर्ता मस्टर्ड कर ना."

त्या मस्टर्डमागे तीन रात्री गेल्या. ह्यू, म्हणजे मूळ रंग, फिरवला की कुर्ता शेवाळी व्हायचा. लॅब कलर मोडमध्ये मोजलं तेव्हा कारण कळलं. निळ्याचा एल, म्हणजे उजळपणा, शंभरात ३० च्या आसपास होता, मस्टर्डला ७० च्या जवळ लागतो. कर्व्हजने तेवढा वर खेचला की चुण्यांमधल्या सावल्या विरतात, नॉइज वर येतो आणि कापड कापड राहत नाही. म्हणून मस्टर्ड सोडला आणि साडीच्याच काठाचा रंग कुर्त्याला दिला. गडद जांभळ्याचा उजेड निळ्याच्या जवळपास असतो, त्यामुळे ह्यू साधारण ७० अंश सरकवला तेवढ्यावर भागलं. रंग उचलताना आयड्रॉपर ३१ बाय ३१ च्या सरासरीवर ठेवा. रेशमात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्याचा. एकच पिक्सेल उचललात तर भलताच रंग हाती येतो.

रंग फक्त कुर्त्यापुरता ठेवणारा मास्क चोख होता, तरी कुर्ता चिकटवल्यासारखा दिसत होता. कितीतरी वेळ मी कडाच घासत बसलो. मग सॅच्युरेशन तात्पुरतं खूप वाढवून पाहिलं आणि चोर सापडला. त्याच्या हनुवटीखाली, तिच्या कोपरावर आणि बाहीला टेकलेल्या पदराच्या जरीवर जुन्या कुर्त्याचा निळा उजेड तसाच होता. जरी तर तिथे राखाडी पडली होती.

कलर ब्लेंड मोडचा रिकामा लेयर घेऊन गालाचा रंग हनुवटीवर १५ टक्के फ्लोने भरला. निळा गेला, पण चेहरा आता अधांतरी वाटू लागला, कारण जांभळ्या कुर्त्याचाही उजेड वर पडायला हवा. तेव्हा त्यावर दुसरा लेयर घेऊन कुर्त्याचा जांभळा जेमतेम ६ टक्के ठेवला. जरीवर मात्र काठाच्या दुसऱ्या टोकाचं सोनेरी उचललं. त्या क्षणी दोघं एका उन्हात उभी राहिली! हे काम माउसने करू नका, पेन टॅबलेटच हवा. आणि अल्बमआधी एक ८ बाय १२ ची प्रिंट काढाच. माझ्या नेहमीच्या प्रिंटिंग लॅबच्या मॅट कागदावर हा जांभळा काळपट आला, कर्व्हज थोडा वर घ्यावा लागला.

आता पाच जणांचा घरचा फोटो. सगळ्यांना जांभळ्याची छटा द्यायचं ठरवलं होतं, पण लिहितालिहिताच बेत बदलतोय. ह्यू बदलला की प्रत्येकाच्या गळ्यावरचा उजेड बदलत बसावं लागेल. भावाचा लाल शर्ट लालच ठेवून नुसतं सॅच्युरेशन उतरवलं तर गळ्यावरचा लालसर उजेड खटकणार नाही. मामांचा पांढरा सदरा तसाच राहील. उणे ३० पासून सुरुवात करतो.