एपीआय म्हणजे गोळीतलं औषध नव्हे

बारा वर्षं औषध कंपनीत काढली, तिथे एपीआय म्हणजे गोळीतला खरा औषधी घटक, म्हणजे क्रोसिनसारख्या गोळीत पॅरासिटामॉल, बाकी सगळं बाइंडर वगैरे. त्यामुळे आज सॉफ्टवेअरच्या मीटिंगमध्ये "कुरियरचा एपीआय अडकलाय" ऐकलं आणि माझ्या डोक्यात थेट कच्च्या मालाचा स्टॉकच आला.

मीटिंगनंतर टीममधल्या मुलीला विचारलं, तिने लॅपटॉपच उघडून दाखवला. आपलं सॉफ्टवेअर कुरियरच्या सॉफ्टवेअरला पार्सल नंबर पाठवतं, तिकडून उत्तर येतं की पार्सल नाशिकला पोचलं की अजून वाटेत आहे. काय विचारायचं, कुठल्या पद्धतीने विचारायचं आणि उत्तर कसं येणार हे आधीच ठरलेलं असतं, ते ठरलेलं म्हणजे एपीआय. त्यांच्या आतल्या डेटाबेसला आपला हात लागत नाही.

मग अडकलं कुठे? स्क्रीनवर 429 येत होतं, म्हणजे तुम्ही फार वेळा विचारताय. कुरियरची मर्यादा मिनिटाला 60 आणि आपण 400 पार्सलं दर मिनिटाला विचारत होतो, पोचलेली सुद्धा! 500 आलं असतं तर बिघाड त्यांच्याकडे, 401 आलं असतं तर त्यांच्या सॉफ्टवेअरला आपली ओळख पटवणारी चावी चालत नाहीये, हा फरक मला फार कामाचा वाटला कारण फोन कुणाला करायचा ते त्यावरच ठरतं.

आता पोचलेली पार्सलं यादीतून काढली, उरलेली साधारण 150, ती दहा मिनिटांत एकदा थोडी थोडी विचारायची. संध्याकाळपर्यंत 429 परत दिसलं नाही.